एकाच साताऱ्यात चार हवामानं : कृषी हवामान विभाग म्हणजे नेमकं काय?

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारने पंधरा जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत सातारा जिल्ह्यातले दोनच तालुके होते, वाई आणि खंडाळा. (हा खंडाळा शिरवळ-लोणंदकडचा, लोणावळ्याजवळचा नव्हे.) माण आणि खटाव यादीत नव्हते. माझं आजोळ माणातलं. त्या दिवशी आमच्या घरच्या फोनवर एकच प्रश्न फिरत होता : जन्मभर दुष्काळी म्हणवून घेतलेला माण बाहेर आणि कृष्णाकाठची वाई आत, हे कसं काय? दहा-बारा दिवसांनी राज्यातली आणखी १०२१ महसुली मंडळं 'दुष्काळसदृश' म्हणून जाहीर झाली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. कायमचा कोरडा मुलूख वेगळा आणि एखाद्या वर्षीचा दुष्काळ वेगळा, हे समजून घ्यायला 'कृषी हवामान विभाग' ही कल्पना फार उपयोगी पडते. सातारा जिल्हा तर ती शिकण्यासाठीच बनवल्यासारखा आहे.

जिल्हा माणसांनी आखला, विभाग पावसाने आणि मातीने

जिल्ह्याची हद्द महसूल, पोलीस, शाळा चालवायला सोयीची म्हणून आखलेली असते. पिकाला तिचं काही सोयरसुतक नसतं. पिकाच्या दृष्टीने ज्या भागात पाऊस, त्याची वेळ, तापमान आणि जमीन साधारण सारखी, तो सगळा भाग एक. अशा भागाला कृषी हवामान विभाग म्हणतात. १९७९ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प हाती घेतला, तेव्हा देशभर असे सव्वाशेच्या वर विभाग पाडले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला नऊ आले.

कोकणात दोन : दक्षिणेला जांभ्या जमिनीचा, उत्तरेला जांभा नसलेल्या जमिनीचा. मग सह्याद्रीच्या माथ्यावरची चिंचोळी पट्टी म्हणजे घाटमाथा. त्याच्या पूर्वेच्या उतारावर उपपर्वतीय विभाग, त्यापुढे पश्चिम महाराष्ट्राचा मैदानी विभाग आणि त्यापुढे अवर्षणप्रवण विभाग. तिथून पूर्वेला पाऊस पुन्हा चढत जातो : मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाचा निश्चित पावसाचा विभाग, मध्य विदर्भाचा मध्यम पावसाचा आणि शेवटी भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडचा पूर्व विदर्भाचा भाताचा मुलूख.

म्हणजे राज्याच्या मधोमध एक कोरडी खोलगट पट्टी आणि दोन्ही बाजूंना पाऊस वाढत गेलेला. सातारा जिल्हा या पट्टीच्या पश्चिम काठावर असा आडवा पसरलाय की घाटमाथा, उपपर्वतीय, मैदानी आणि अवर्षणप्रवण असे नऊपैकी चार विभाग त्याच्या पोटात आले आहेत.

महाबळेश्वर ते म्हसवड

महाबळेश्वर ते म्हसवड सरळ रेषेत मोजलं तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटर पुढे पाचगणीला तो दोन हजारांच्या खाली येतो. पसरणी घाट उतरून वाईत आलात की सात-आठशे. आणि माणच्या पूर्व टोकाला म्हसवडकडे साडेचारशे-पाचशे. महाबळेश्वरला एकट्या जुलैत जेवढा पडतो, तेवढा व्हायला माणला तीन-चार वर्षं लागतात.

कारण सरळ आहे. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, गार होतो आणि पाण्याचं ओझं तिथेच टाकतो. माथा ओलांडून तो खाली उतरू लागला की पुन्हा तापतो, आणि तापलेली हवा बाष्प धरून ठेवते, सोडत नाही. डोंगराच्या या आडोशाला पर्जन्यछाया म्हणतात. महाबळेश्वरहून निघालेल्या ढगांकडे वाईपर्यंत थोडंफार देण्यासारखं उरतं. पुढे महादेव डोंगररांग ओलांडून माणात पोचेपर्यंत जून-जुलैचे ढग नुसते सावली धरून पुढे जातात. लहानपणी मामाच्या अंगणात बसून मी ते पाहिलंय. दिवसभर आभाळ भरलेलं, वारा सुटलेला, आणि जमिनीवर धूळ.

माणचा खरा पाऊस सप्टेंबरचा. परतीच्या वाटेवरचा हा पाऊस सह्याद्रीवर अवलंबून नसतो, तो दुपारनंतर गडगडाट करत पूर्वेकडून येतो. त्यामुळे या भागात पावसाचे दोन भर दिसतात, एक लहान जून-जुलैत, दुसरा मोठा सप्टेंबरात, आणि मध्ये ऑगस्टची मोठी उघडीप. महाबळेश्वरला भर जुलैत, माणला सप्टेंबरात. पावसाच्या आकड्याइतकंच, काही वेळा त्याहूनही जास्त, हे वेळापत्रक महत्त्वाचं आहे. कुठे खरीप मुख्य आणि कुठे रब्बी, ते यावरूनच ठरतं.

पाऊस हा पगार, माती ही शिल्लक

विभाग पाडताना नुसता पाऊस बघत नाहीत. पीक किती दिवस तग धरेल एवढी ओल रानात राहते, ते बघतात. याला वाढीचा कालावधी म्हणतात. या लेखात तांत्रिक शब्द लक्षात ठेवायचा असेल तर एवढाच ठेवा.

घरखर्चासारखं बघा. पाऊस हा पगार. ऊन आणि वारा जमिनीतून व पिकातून जे पाणी उडवून नेतात तो रोजचा खर्च. मातीत मुरलेली ओल ही खात्यावरची शिल्लक. पगार निदान निम्मा खर्च भागवू लागला की पिकाचा कालावधी सुरू झाला असं शास्त्रज्ञ धरतात. पगार थांबला तरी शिल्लक असेतो घर चालतं. शिल्लक संपली की कालावधी संपला.

माणमध्ये वर्षाचा खर्च, म्हणजे उडून जाऊ शकणारं पाणी, दीड हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि पगार पाचशेचा. अवर्षणप्रवण पट्ट्यात हा कालावधी साधारण ९० ते १२० दिवसांचा भरतो, तोही मध्येच ऑगस्टात तुटणारा.

महाबळेश्वरचा पगार प्रचंड, पण खातंच फाटकं. तिथली जांभ्या दगडाची उतारावरची जमीन पाणी धरत नाही. पडलं की ते कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात निघून जातं. म्हणून एवढा पाऊस पडूनही तिथल्या कित्येक वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका झऱ्यावर हंडे घेऊन उभ्या असतात. स्ट्रॉबेरीसुद्धा पावसावर येत नाही. पाऊस ओसरल्यावर लावायची आणि विहिरीच्या, ओढ्याच्या पाण्यावर ठिबकने वाढवायची. महाबळेश्वरच्या धो-धो पावसात रोपं कुजतात, म्हणून अनेक जण रोपवाटिका खाली वाईकडे करतात आणि तयार रोपं वर आणतात. एकच पीक, पण त्याचं बालपण एका विभागात आणि संसार दुसऱ्या.

जिल्ह्याच्या सरासरीचं काय करायचं?

काही नाही. घरातल्या सगळ्यांच्या पावलांची सरासरी काढून एकाच मापाच्या चपला आणल्या तर त्या कोणालाच होणार नाहीत. सातारा जिल्ह्याच्या सरासरी पावसाचं तसंच आहे. 'जिल्ह्यात सरासरीच्या ९५ टक्के पाऊस' अशी बातमी आली की घाटमाथ्यावरच्या दोन मुसळधार आठवड्यांनी माणचं कोरडं रान त्या आकड्यात झाकलं गेलंय का, हे आधी विचारावं.

तालुकासुद्धा पुरेसा नाही. पाटणचा पश्चिम भाग, कोयनेकडचा, घाटमाथ्यात मोडतो. पूर्वेकडे येता येता तोच तालुका भात, भुईमूग, सोयाबीनचा उपपर्वतीय मुलूख होतो. जावळीत मेढ्याकडेही तसंच. वाईचा पश्चिम भाग धोम धरणाच्या वरच्या खोऱ्यात, पूर्व भाग हळदीच्या मैदानात. कराड, सातारा, कोरेगाव हा मुख्यतः मैदानी पट्टा : ऊस, सोयाबीन, आलं, आणि कोरेगावच्या उत्तरेकडे वाघ्या घेवडा. पण कोरेगावचाही पूर्व कोपरा खटावच्या वळणावर गेलेला. माण, खटाव, फलटण आणि खंडाळ्याचा बराच भाग अवर्षणप्रवण. विभागांच्या रेषा नकाशावर ठसठशीत दिसतात, जमिनीवर त्या पाच-दहा किलोमीटर रुंद पुसट पट्ट्या असतात. रेषेजवळच्या गावाने आपण अलीकडचे की पलीकडचे यावर वाद घालू नये, दोन्हीकडच्या शिफारशी वाचाव्यात.

'मग फलटणला एवढा ऊस कसा?'

हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. फलटणचा पाऊस माणच्या पठडीतलाच, तरी तिथे साखर कारखाने आहेत. उत्तर नीरा उजव्या कालव्यात आहे. ते पाणी पश्चिमेकडच्या ओल्या डोंगरातलं, भाटघर-वीर धरणांत साठवून कालव्याने आणलेलं. विभाग ठरवताना आभाळातून काय पडतं आणि मातीत काय टिकतं ते पाहतात, पाटात काय वाहतं ते नाही. कालव्याने शिल्लक वाढली, विभाग बदलला नाही. ऊन-वारा तोच, हवेतला कोरडेपणा तोच. म्हणून फलटणच्या उसाला कोरड्या हवेत पाणी जास्त लागतं, आणि ज्या वर्षी धरण भरत नाही त्या वर्षी मूळ विभाग आपलं खरं रूप दाखवतो. भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाट मोकळा सोडला तर ती चोपण होते, हेही कोरड्या विभागात पाणी आणण्याचंच एक अंग. निचरा करणारा भरपूर पाऊस तिथे नसल्याने क्षार वरच साचतात.

उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी माण-खटावात येतंय, तिथेही हेच लागू. पाण्याची मला मनापासून ओढ आहे. आजोळच्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी पाहिलं त्या दिवशी मामांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ते पाणी ऊस लावायचं की डाळिंब, कांदा आणि ज्वारीला दोन संरक्षित पाळ्या द्यायच्या, हे ठरवताना आपला विभाग समोर ठेवला पाहिजे.

'मग वाई दुष्काळी आणि माण नाही, ते का?'

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. विभाग सांगतो सवय. दुष्काळ मोजतात तो सवयीपासूनची घट.

समजण्यासाठी कल्पनेतली दोन गावं घेऊ. पहिल्या गावाची सरासरी ८०० मिलिमीटर, पडला ५००, म्हणजे सुमारे ६२ टक्के. दुसऱ्याची सरासरी ४५०, पडला ३८०, म्हणजे ८४ टक्के. पहिल्या गावात दुसऱ्यापेक्षा जास्तच पाऊस झाला, पण त्याची पिकं ८०० च्या भरवशावरची, भात, सोयाबीन, हळद. ती मेली. दुसऱ्याने बाजरी-मटकी केलेली, ती कशीबशी निघाली. कागदावर पहिलं गाव दुष्काळी ठरतं. पावसाची तूट, सलग कोरडे आठवडे, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, मातीतली ओल, झालेला पेरा अशा कसोट्यांतून तालुका पार व्हावा लागतो, आणि त्यातल्या बहुतेक आपल्या नेहमीच्या वर्षाशी तुलना करतात.

पुढे महसुली मंडळांना लावलेली कसोटी वेगळी होती : पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. ही दुसरी अट बघा. टक्केवारी घाटातल्या मंडळालाही लागू शकते, पण ७५० चा आकडा त्याला बाहेर ठेवतो. सवय आणि घट दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय न्याय होत नाही, हे त्या एका अटीत आलंय. माणच्या माणसाची तक्रार मला तरीही पटते. ज्याची सवयच उपाशी राहायची, त्याच्या ताटातली अर्धी भाकरी कमी झाली तर टक्क्यात ती थोडी दिसते, पोटाला मोठी असते.

नावांचाही घोळ आहेच. लातूर 'निश्चित पावसाच्या' विभागात मोडतं, आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. निश्चित याचा अर्थ बहुतेक वर्षी खरिपाचं पीक निघण्याइतका पाऊस. सलग दोन-तीन वर्षं तो चुकणार नाही किंवा शहराचं धरण भरेल, अशी हमी त्या नावात नाही.

एकाच विभागातली दोन रानं

विभाग कळला म्हणजे काम संपलं नाही. मामांची दोन रानं आहेत, मध्ये एक ओढा. वरचं माळाचं, मुरमाड, वीतभर माती आणि खाली मुरूम. खालचं ओढ्याकाठचं काळं, तीन फूट खोल. दोन्हींवर उत्तरा-हस्ताचा पाऊस सारखाच पडतो.

काळी माती साधारण दर सेंटिमीटर खोलीमागे दीड ते दोन मिलिमीटर पाणी पिकाच्या उपयोगी पडेल असं धरते. ९० सेंटिमीटरच्या रानात म्हणजे दीडशेच्या आसपास मिलिमीटर. मुरमाड वीतभर रानात पंचवीस-तीस, बाकीचं वाहून किंवा खाली निघून जातं. भरात आलेली ज्वारी रोज तीन-चार मिलिमीटर पाणी ओढते. वरच्या रानाची शिल्लक आठ-दहा दिवसांची, खालच्या रानाची दीड महिन्याची. ज्वारी लहान असताना खर्च कमी असतो, म्हणून प्रत्यक्षात खालचं रान आणखी लांब ताणतं आणि हुरड्यापर्यंत पोचतं. विभाग एक, पाऊस एक, आणि पिकाचं भवितव्य मातीच्या खोलीवर.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी याच तत्त्वावर आहेत. कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी ३५-१, भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. हलकं वाण लवकर तयार होतं, शिल्लक संपायच्या आत निघून जातं. माळावर भारी जमिनीचं वाण पेरलं की ते चांगलं उगवतं, गुडघ्याच्या वर जातं आणि पोटरीत येताना वाळू लागतं. चूक तेव्हा कळते, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. दुकानात बियाणं घेताना पिशवीवरचं चित्र बघण्याआधी 'ही कुठल्या विभागाला, किती खोल रानाला' हे विचारावं ते यासाठी.

शिल्लक वाढवण्याचे, खर्च आवरण्याचे मार्गही विभागागणिक वेगळे. माणात पावसाआधी रानात बंदिस्त वाफे पाडून ठेवतात, म्हणजे सप्टेंबरचं पाणी जागच्या जागी मुरतं. पुढे काळ्या जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपणी करून त्या बुजवायच्या, साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' हे तिकडचं गणित. हेच वाफे पाटणच्या घाटाकडच्या रानात घातले तर नाचणी कुजेल. तिथे पाणी बाहेर काढणं हेच काम.

'हवामान बदलतंय, मग जुन्या रेषा कशाला?'

रेषा आखल्या त्याला चार दशकं झाली. पाऊस पडण्याचे दिवस, मोठ्या सरींचं प्रमाण, मॉन्सून परतण्याची तारीख यांत फरक पडतोय, आणि या रेषा नव्या नोंदींवर पुन्हा तपासायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. आता मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं आहेत, त्यामुळे तपासणं पूर्वीपेक्षा सोपंही झालंय. पण सह्याद्री जागचा हललेला नाही. पश्चिमेकडे जास्त आणि पूर्वेकडे कमी हा क्रम तो बसवतो, त्यामुळे रेषा थोड्या सरकल्या तरी उलट्या होणार नाहीत. माळावरची वीतभर माती तर एका पिढीत तीन फूट होत नाहीच.

आपलं गाव कुठे बसतं ते कसं बघायचं?

आपल्या मंडळाच्या पावसाचे निदान दहा वर्षांचे महिनावार आकडे घ्या. वर्षाच्या बेरजेआधी सर्वात मोठा महिना कोणता ते बघा. बहुतेक वर्षी जुलै येत असेल तर तुम्ही डोंगराच्या पावसावर आहात, सप्टेंबर येत असेल तर परतीच्या. आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून एवढं लक्षात ठेवा : एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी.

मग रानात जा. खड्डा घ्यायला वेळ नसेल तर पावसानंतर वापसा आला की पहार घेऊन चार ठिकाणी ठोका. मऊ माती संपून मुरमाचा खणखणीत आवाज आला की थांबा आणि पहारेवर बोटाने खूण करून मोजा. मामा हस्ताचा पाऊस झाला की हेच करतात, फक्त मोजपट्टीऐवजी वितीने. पहार वर काढतात, टोकाला चिकटलेली ओली माती बोटांत चुरतात, आणि खालच्या जुन्या ओलीला वरची नवी ओल भिडली असेल तर घराकडे तोंड करून ओरडतात, "भिडली गं ओलीला ओल, काढा बियाणं."